रात्रीच्या भाताचा दहीभात दुपारपर्यंत मऊ ठेवायचा तर

"ताई, रात्रीचा भात उरला की सकाळी त्यात दही कालवून वरून फोडणी देऊन डब्यात देते. सकाळी चांगला लागतो पण दुपारी दीडला उघडला की आंबटढाण आणि घट्ट गोळा, शितं मधून कडकच. लिंबूभात केला तर कोरडा होतो, घशात अडकतो. नक्की कुठं चुकतंय? सोलापुरातच राहतो, उन्हाळ्यात तर जास्तच होतंय."

फ्रिजमधला गार भात तसाच दह्यात कालवता ना, तिथंच बिघडतंय सगळं. मी अठरा वर्षं डबे देतेय, मार्च ते जून रोजच्या डब्यात दहीभात असतोच, कारण उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी पोळी-भाजी कुणाच्या घशाखाली उतरत नाही, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझ्याकडूनही हेच व्हायचं. दही बदलून बघितलं, तांदूळ बदलून बघितला, फरक नाही पडला. फरक पडला तो भात आधी वाफवायला लागल्यावर.

भात शिजतो तेव्हा दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, म्हणून शीत मऊ लागतं. गार झाला की तोच स्टार्च परत आवळायला लागतो, प्यायलेलं पाणी धरून ठेवत नाही, आणि शीत आतून कडक होतं. हे सगळ्यात जोरात होतं ते फ्रिजच्या गारव्यात, म्हणून रात्री अकराला लोण्यासारखा असलेला भात सकाळी सातला टणटणीत असतो. आता अशा दाण्यावर तुम्ही वाटीभर दही घाला नाहीतर दोन वाट्या घाला, गार दही त्याला मऊ करत नाही. दही नुसतं बाहेरून लागतं. वर तो कडक दाणा हळूहळू दह्यातलं पाणी ओढत बसतो, म्हणजे दुपारी दही आटलेलं आणि दाणा तरीही मधून कच्चाच, दोन्हीकडून नुकसान. तो आवळलेला दाणा परत सैल करायचा एकच उपाय आहे, पाणी आणि उष्णता दोन्ही एकदम. नुसता गरम केला तर कोरडा पडतो, नुसतं पाणी घातलं तर पाणचट होतो.

पण त्याच्या आधी रात्रीचं बघू, कारण सकाळी काय करायचं ते रात्री भात कसा ठेवला त्यावर आहे. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये रात्री दहालासुद्धा स्वयंपाकघरात घाम निघतो. भाताचं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर सकाळपर्यंत ते कोमटच राहतं. तांदळात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि कोमट भातात ते परत जागे होऊन वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही परतलं, कितीही वाफवलं तरी जात नाही. मी धंदा सुरू केला त्या पहिल्याच मे महिन्यात ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात केला होता, वास चांगला होता, चव चांगली होती, आणि दुपारी घरातल्या दोघांना उलट्या. डब्यात गेला नव्हता एवढंच नशीब. तेव्हापासून माझा नियम आहे की जेवणं झाल्या झाल्या उरलेला भात परातीत पसरायचा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची, आणि तासाभराच्या आत झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. सकाळी वापरला तर वापरला, दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत ठेवत नाही. रात्रभर बाहेर राहिला असेल तर त्याचा दहीभात पण नको आणि लिंबूभात पण नको, लिंबाच्या आंबटपणाने त्यातलं काही निघून जात नाही. टाकताना जीव खालीवर होतो, माझाही होतो, पण टाका.

आता सकाळचं. मोजमाप देते ते आमटीच्या वाटीचं आहे, दोन वाट्या शिजलेला भात, एका माणसाचा भरपूर डबा होतो.

फ्रिजमधून काढलेला भात एका जाड बुडाच्या पातेल्यात घ्या आणि हात ओला करून बोटांनी गुठळ्या मोकळ्या करा. चमच्याने नका फोडू, गार दाणा कडक असतो, चमच्याने मधून तुटतो आणि मग पुढे त्याची कणीकणी होते, पेज लागते खाताना. गुठळी हातात घेऊन नुसती सैल करायची. मग अर्धी वाटी पाणी सगळीकडून शिंपडायचं, एका जागी ओतायचं नाही, घट्ट झाकण ठेवायचं आणि अगदी बारीक गॅसवर पाच ते सात मिनिटं. मध्ये एकदा झाकण काढून खालवर करा. मायक्रोवेव्ह असेल तर एवढ्याच भातावर तीन-चार चमचे पाणी शिंपडून झाकून दोन मिनिटं, मग बाहेर न काढता दोन मिनिटं तसाच राहू द्या, त्या झाकलेल्या दोन मिनिटांतच खरं काम होतं. कुकर लावणारच असाल वरणासाठी, तर वरच्या डब्यात हा भात पाणी घालून ठेवला तरी चालतो, पण मग तो जास्तच मऊ होतो, दहीभाताला ठीक, लिंबूभाताला नाही.

झालं की नाही ते बघायला एक शीत घ्या आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. तुकडे पडले, मध्ये पांढरी कणी दिसली, तर अजून दोन चमचे पाणी आणि दोन मिनिटं. दाबल्यावर लोण्यासारखं सपाट पसरलं आणि बोटाला चिकटलं, की झालं. ही चिमूट मी रोज बघते, एकदाही चुकवत नाही, कारण वर किती वाफ येतेय त्यावरून आतलं कळत नाही. आणि घाईत नेमकं हेच राहतं.

भात गरम आहे तेव्हाच डावाच्या पाठीने घोटायचा. सगळा नाही, अंदाजे अर्धा. घोटलेला भात दुधा-दह्याला धरून ठेवतो, आणि अख्खी शितं दाताखाली येतात तेव्हा तो भात वाटतो, नाहीतर बाळाची पेज होते. गार झाल्यावर घोटायला गेलात तर चिकट लगदा होतो, हे पण लक्षात ठेवा, घोटायचं ते गरम असताना.

आता दूध. दुपारी आंबट होणं आणि घट्ट होणं या दोन्हींचा इलाज दुधात आहे आणि हे मला आमच्या शेजारच्या पद्मशाली आक्कांनी शिकवलं. पूर्व भागात त्यांचं मोठं घर आहे, मागाच्या कामाची माणसं दुपारी जेवायला यायची, आणि त्यांच्याकडे पेरुगन्नम, म्हणजे आपला दहीभातच, हे रोजचं जेवण, सणाचं नाही. मी त्यांना विचारलं की तुमचा दुपारी पण गोड कसा राहतो, तर म्हणाल्या, "अगं, डब्यात दही घालायचंच नाही, डब्यात दही लावायचं." एवढंच. म्हणजे दूध जास्त, दही विरजणापुरतं, आणि ते दुपारपर्यंत भातातच लागतं. आपण सकाळी वाटीभर तयार दही घालतो, ते आधीच पूर्ण मुरलेलं असतं, आणि चाळीस डिग्रीच्या गरमीत डब्यात सहा तास ते आंबतच जातं. दुधात विरजण घातलं की तेच सहा तास त्याला दही व्हायलाच लागतात. उघडाल तेव्हा ते अदमुरं असतं, गोडसर, नुकतं लागलेलं.

तर घोटलेल्या गरम भातात एक ते सव्वा वाटी तापवलेलं दूध घाला, कोमट किंवा गरम चालेल. घातल्या घातल्या ढवळून बघा. दूध फाटलं, पाण्यात बारीक कण दिसायला लागले, तर भात आंबलेला होता, तो सोडून द्या. पण हे उलटं धरू नका, दूध फाटलं नाही म्हणजे भात चांगलाच असं नाही, त्या जिवाणूचं विष दूध फाडत नाही, त्याला रात्रीचा फ्रिजच उपाय.

दूध घातल्यावर भात लगेच सगळं पिऊन टाकतो, पाच मिनिटांत परत घट्ट दिसतो. घाबरू नका, तिथंच थोडं अजून दूध घालून सैल करा. किती सैल, तर डाव उचलला की भात गोळा होऊन पडायला नको, खिरीसारखा सरकन ओघळायला पाहिजे. सकाळी बघणाऱ्याला वाटतं की हे काय पातळ करून ठेवलंय, माझ्या हाताखालच्या बायका नवीन आल्या की दर वेळी म्हणतात, जास्त झालं ताई. दुपारपर्यंत दाणा अजून पितो आणि दही पण लागतं, दोन्हीने घट्ट होतं, मग दीडला बरोबर येतं. सकाळी जो दहीभात ताटात वाढण्याइतका बरोबर दिसतो तो दुपारी गोळा झालेलाच असतो.

मग गार होऊ द्या. पातेल्याच्या तळाला हात लावला की नुसतं ऊबदार वाटलं पाहिजे, चटका नाही, तेव्हाच दही. गरमात दही घातलं तर फाटतं, चोथा वेगळा आणि पाणी वेगळं, आणि विरजण मरतं, मग दुपारपर्यंत दही लागतच नाही, नुसता दूधभात राहतो. घाई असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, दहा मिनिटांत होतं. दही घ्यायचं ते ताजं, आदल्या रात्री लावलेलं गोड, उन्हाळ्यात दोन मोठे चमचे, म्हणजे पोहे खायचे चमचे. पावसाळ्यात तीन-चार, आणि डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळेला गारवा असतो तेव्हा अर्धी वाटी आणि दूध पाऊण वाटीच, कारण थंडीत सहा तासांत दोन चमच्यांनी काही होत नाही. आणि डबा नाही, लगेच ताटात वाढायचंय, तर हे सगळं सोडा, एक वाटी दही आणि पाव वाटी दूध, बस.

मीठ दह्याबरोबर घालायचं, चहाचा पाऊण चमचा. थोडं जास्त वाटलं पाहिजे कारण भात आणि दूध दोन्ही चव खाऊन टाकतात. साखर आमच्याकडे चिमूटभर घालतात काही जण, मी घालत नाही, दूध गोड असतंच.

आता फोडणी. दहीभाताला मी तेलच घेते, तूप नाही. तूप गरम असताना छान वास येतो पण भात गार झाला की तूप थिजतं आणि टाळूला मेणासारखं लागतं. लगेच गरम-कोमट खाणार असाल तर तूप घाला जरूर, डब्याला तेल. दोन वाट्या भाताला दीड मोठा चमचा शेंगतेल, छोट्या कढईत किंवा फोडणीच्या पळीत. तेल तापलं का बघायला दोन मोहऱ्या टाका, लगेच तडतडल्या तर झालं, तळाशी बसून राहिल्या तर थांबा. अर्धा चमचा मोहरी, आणि तिचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढचं काही घालू नका, न फुटलेली मोहरी दहीभातात कडू लागते, दूध-दह्यात दुसरी कुठली तिखट चव नसते ना लपवायला. मग गॅस बारीक करून एक चमचा उडदाची डाळ. हिच्यावर नजर हवी, पांढऱ्याची गुलाबी व्हायला अर्धा-पाऊण मिनिट आणि गुलाबीची काळी व्हायला मोजून दहा सेकंद. गुलाबी व्हायच्या जरा आधीच दोन सुक्या मिरच्या मोडून, बिया झटकून, मग हिंग पाव चमचा, आणि गॅस बंद. बंद केल्यावर कढीपत्ता, पुसून कोरडा केलेला, नाहीतर तेल अंगावर उडतं. शेवटी त्याच गरम तेलात एक हिरवी मिरची बारीक आणि अर्धा इंच आलं किसून. आल्याला एवढीच ऊब पुरते, जास्त तळलं तर आल्याचा झणका जातो आणि दहीभातात तो झणकाच पाहिजे असतो.

ही फोडणी पाच मिनिटं गार होऊ द्या. चर्र आवाज करत ओतायला मजा येते, पण तिथं दह्याचं लोणी-पाणी वेगळं होतं, पिवळट ठिपके दिसतात. कोमट झाली की घाला आणि एकदाच ढवळा. उडदाची डाळ दुपारपर्यंत मऊ पडणारच, त्याला इलाज नाही. कुरकुरीत हवी असणाऱ्यांना मी अर्धी फोडणी छोट्या डबीत वेगळी देते, खाताना वरून घालतात. शेंगदाणे डब्याच्या दहीभातात घालूच नका, लोळागोळा होतात. काकडी आणि कांदा पण नको, दोन्हीला पाणी सुटतं, कांद्याचा वास तर डबा उघडल्यावर अख्ख्या हॉलमध्ये. डाळिंबाचे दाणे मात्र चालतात, आपल्याकडे मिळतात पण चांगले, वरून घालायचे, ढवळायचे नाहीत.

एक डबा कसा होतो ते वेळेसकट सांगते म्हणजे अंदाज येईल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करणारे एक काका आहेत, त्यांची सुट्टी दीड वाजता, पत्र्याची शेड, फ्रिज नाही. मे महिन्यात त्यांचा भात मी साडेसहाला फ्रिजमधून काढते. पावणेसातला वाफवून, घोटून, दूध घालून झालेला असतो. सव्वासातपर्यंत पातेलं पाण्यात ठेवून ऊबदार करते, तेवढ्यात बाकीच्यांच्या पोळ्या लाटून होतात. मग दोन चमचे दही, मीठ. साडेसातला फोडणी. स्टीलच्या डब्यात गळ्यापर्यंत न भरता बोटभर जागा सोडून, आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळून पिशवीत. त्या ओल्या फडक्याने डबा बऱ्यापैकी गार राहतो, कोरड्या हवेत पाणी उडून जातं ना, माठासारखं. पहिल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की भात बरोबर आहे पण जरा आंबट. तेव्हा मी दही तीन चमचे घालत होते. दोन केले, आंबटपणा गेला. मग एक दिवस म्हणाले आज सपक होता, दही लागलंच नव्हतं. त्या दिवशी घाईत मी भात गरम असतानाच दही घातलं होतं, मला आठवलं लगेच. म्हणजे बघा, आंबट झाला तर दही कमी करा, सपक राहिला तर भाताची उष्णता बघा, घट्ट झाला तर दूध वाढवा, आणि शीत कडक लागलं तर वाफवायला परत जा, बाकी कशालाही हात लावू नका. चारही गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

दीड-दोनपर्यंत खाऊन टाकायचा, उरला तर संध्याकाळी घरी आणून परत फ्रिजमध्ये नाही ठेवायचा. एकदा वाफवलेला भात दुसऱ्यांदा गरम करत नाही मी, म्हणून रात्रीच्या डब्यातून लागेल तेवढाच काढायचा.

तांदळाबद्दल, तुम्ही लिहिलं नाही कुठला वापरता. दहीभाताला बासमती असेल तर तो घोटून पण मऊ होत नाही, लांब दाणा आहे तो, गार झाला की काडीसारखा होतो. कोलम, सोना मसुरी चांगले, आणि आंबेमोहोर असेल तर फारच छान, तो मुळातच चिकट असल्याने कमी आवळतो, त्याला पाणी पण अर्ध्याऐवजी पाव वाटी पुरतं. नवा तांदूळ असला तरी पाणी कमी. रोज भात उरतोच अशी घरं असतील त्यांनी रात्रीच भाताला एक पाव वाटी पाणी जास्त घालून शिजवावा, सकाळचं काम अर्धं होतं.

लिंबूभात. याचं गणित उलटं आहे, इथं शीत मोकळं पाहिजे, म्हणून लोक गार भात थेट फोडणीत टाकतात आणि तिथंच तो घशात अडकतो. मोकळा आणि कडक यात फरक आहे. इथं पण आधी वाफ द्यायची, फक्त पाणी दोनच मोठे चमचे शिंपडायचं आणि झाकून तीन-चार मिनिटं, तीच चिमूट बघायची, शीत दाबल्यावर पसरलं पाहिजे पण बोटाला चिकटायला नको. मग लगेच परातीत पसरून एक चमचा कच्चं तेल हाताने हलकं चोळायचं आणि वाफ जाऊ द्यायची. तेलाने दाणा दाण्याला चिकटत नाही. आमच्या इथले कानडी लोक याला चित्रान्न म्हणतात आणि तेलाला हात आखडत नाहीत, बरोबर करतात, कारण कोरडेपणा लिंबाने जात नाही, तेलाने जातो. दोन वाट्या भाताला एकूण तीन मोठे चमचे धरा, चोळलेलं धरून.

फोडणी तशीच, फक्त आधी मूठभर शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढायचे आणि शेवटी वरून घालायचे. हरभरा डाळ घालणार असाल तर दहा-पंधरा मिनिटं भिजवून, पुसून घ्या, कोरडी घातली तर दुपारी दात दुखतात. हळद पाव चमचा, गॅस बंद केल्यावर, कारण गरम तेलात ती लगेच जळून मातकट होते. मीठ फोडणीतच घाला म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. लिंबू सगळ्यात शेवटी, भात फोडणीत कालवून कढई खाली उतरवल्यावर. गॅसवर लिंबू पिळलं की वास उडून जातो आणि कडवट लागतं. पिळताना पण सालीपर्यंत रगडू नका, सालीचा पांढरा भाग आणि बी कडू असते, बी पडली तर काढाच, दुपारपर्यंत ती आपला कडूपणा सोडत बसते. एका मध्यम लिंबाचा रस पुरे होतो, आधी अर्ध्याचा घाला, चाखा, मग बाकीचा. ॲल्युमिनियमच्या कढईत लिंबू नको, स्टीलमध्ये किंवा परातीतच कालवा.

आणि डबा भरताना लिंबूभात पूर्ण गार झालेला पाहिजे. गरम भरून झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी धरतं, तेच खाली गळतं, वरचा भात गिचका आणि खालचा कोरडा, एकाच डब्यात दोन भात.

कुठल्या दिवशी कुठला करायचा ते मी भातावरूनच ठरवते. भात मऊसर, थोडा जास्त शिजलेला उरला असेल तर दहीभात. फडफडीत असेल, किंवा दूध कमी असेल, तर लिंबूभात. खिचडीसारखा गिचका झालेला असेल त्याचा लिंबूभात करायला जाऊच नका, कितीही तेल घातलं तरी तो सुटत नाही.

दहीभाताबरोबर मी ताकातली मिरची तळून देते आणि शेंगाची चटणी, पण चटणी कागदात वेगळी बांधून. भातावर टाकून दिली की लसणीचा वास सगळ्या दह्याला लागतो आणि तेलाचा लाल डाग पसरत जातो, मग आतल्या आल्याची चव लागतच नाही.